तीन महिन्यांची साखर आणि विदर्भाचं रक्त

१९५८ साली लंडनच्या ‘लॅन्सेट’मध्ये नागपूरहून गेलेला एक छोटेखानी लेख छापून आला. लिहिणारे होते डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी, आणि विषय होता मध्य भारतातल्या लोकांमध्ये आढळणारा सिकलसेल. तोवर हा आजार आफ्रिकी वंशाच्या लोकांचा, अशी डॉक्टरांची समजूत होती. त्याला पहिला तडा १९५२ साली गेला होता. त्या वर्षी नीलगिरीच्या डोंगरातल्या आदिवासींमध्ये विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी सापडल्या होत्या. नागपूरच्या लेखाने तोच प्रश्न विदर्भाच्या दारात आणून ठेवला. पुढच्या दशकांत पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजातल्या डॉ. सुदाम काटे यांच्यासारख्यांनी राज्यातल्या आदिवासी पाड्यांवर रक्ताचे नमुने गोळा केले. आदिवासी समाजांत, बौद्ध समाजात आणि काही ओबीसी जातींतही हा दोष पिढ्यान्‌पिढ्या उतरत आला आहे, हे त्यातून स्पष्ट झालं. गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, यवतमाळ ही नावं सिकलसेलच्या नकाशावर कायमची कोरली गेली.

दहा वर्षांनी, १९६८ साली, तेहरानमध्ये सॅम्युअल रहबर नावाचे डॉक्टर जवळपास असंच काम करत होते. विद्यापीठाच्या रुग्णालयात येणाऱ्या सुमारे १२०० रुग्णांच्या रक्तात वेगळ्या जातीचं हिमोग्लोबिन आहे का, हे ते तपासत होते. पद्धत तेव्हा सर्वमान्य झालेली होती. लायनस पॉलिंग यांनी १९४९ साली दाखवून दिलं होतं की सिकलसेलच्या हिमोग्लोबिनवरचा विद्युत्भार नेहमीच्या हिमोग्लोबिनपेक्षा वेगळा असतो, आणि त्यामुळे विजेच्या प्रवाहात ते वेगळ्या वेगाने सरकतं. रक्ताचा थेंब ठेवायचा, प्रवाह सोडायचा आणि पट्टे कुठे उमटतात ते बघायचं. रहबरना एक जादा पट्टा दिसला, नेहमीच्या हिमोग्लोबिनच्या थोडा पुढे धावणारा. हा कुठल्या नव्या वांशिक दोषाचा असेल असं आधी वाटलं. पण ज्यांच्या रक्तात तो उमटला ते मधुमेही निघाले. मग त्यांनी मुद्दाम ४७ मधुमेही रुग्ण तपासले. सगळ्यांत तोच पट्टा होता.

पुढे ते न्यूयॉर्कला अल्बर्ट आइनस्टाइन वैद्यक महाविद्यालयात हेलन रॅनी यांच्याकडे गेले आणि १९६९ साली त्या पट्ट्याची ओळख पक्की झाली. रॅनीबाईंचं स्वतःचं नाव झालं होतं तेही सिकलसेलच्या अभ्यासामुळेच. तो पट्टा म्हणजे साखर चिकटलेलं हिमोग्लोबिन. १९५८ सालीच काही रसायनशास्त्रज्ञांनी निरोगी माणसाच्या रक्तातून त्याचा छोटासा अंश वेगळा काढून त्याला ‘ए१सी’ असं रुक्ष नाव देऊन ठेवलं होतं. तो मधुमेहात वाढतो, हे रहबरनी दाखवलं.

म्हणजे आज ज्या तपासणीला आपल्याकडे सर्रास ‘तीन महिन्यांची शुगर’ म्हणतात ती एचबीए१सी तपासणी हिमोग्लोबिनमधले दोष शोधण्याच्या कामातून निघाली. मुळात ती हिमोग्लोबिनची तपासणी आहे, आणि साखर आपण तिच्यावरून ताडतो. हिमोग्लोबिन नेहमीचं आणि तांबडी पेशी नेहमीइतकी जगणारी असेल, तर हा अंदाज उत्तम लागतो. या दोन्ही अटी विदर्भातल्या अनेक घरांत पाळल्या जात नाहीत.

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, महागाव तालुक्यातलं फुलसावंगी हे गाव घ्या. कापूस आणि सोयाबीनचा हा भाग. दक्षिणेला पैनगंगा, पलीकडे नांदेड जिल्हा. मोठ्या कामाला पुसद किंवा उमरखेड गाठायचं. या पट्ट्यात आंध आदिवासी आहेत, बंजारा तांडे आहेत, बौद्ध वस्त्या आहेत. सिकलसेलची तपासणी झालेल्या घरांत ‘एएस पॅटर्न’ आणि ‘एसएस पॅटर्न’ हे शब्द रेशनकार्डाच्या रंगाइतके सहज बोलले जातात. आई किंवा वडील, कोणा एकाकडूनच दोषी जनुक आलं तर एएस, म्हणजे वाहक. दोघांकडूनही आलं तर एसएस, म्हणजे रुग्ण. आणि मधुमेहाला तर आता गावखेड्याचंही वावडं राहिलेलं नाही.

साखर हिमोग्लोबिनला चिकटते ती कुठल्या यंत्रणेच्या हुकमाने नव्हे. रक्तात साखर तरंगत असते, ती भेटेल त्या प्रथिनाला आपोआप चिकटत जाते आणि काही काळाने ते बंधन पक्कं होतं. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. तेवढ्या दिवसांत तिच्यातल्या हिमोग्लोबिनवर जितकी साखर साचली, तितका आकडा वर. १९७६ साली न्यूयॉर्कमध्ये अँथनी सेरामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच मधुमेही रुग्णांना रुग्णालयात ठेवून त्यांची साखर आटोक्यात आणली आणि ए१सी हळूहळू उतरतो हे दाखवलं. रक्तातली साखर सकाळी एक सांगते आणि संध्याकाळी दुसरं, त्यामुळे डॉक्टरांना असा सावकाश हलणारा आकडा हवाच होता. १९९३ साली अमेरिका आणि कॅनडातल्या १४४१ रुग्णांवरचा, डीसीसीटी या नावाने ओळखला जाणारा प्रदीर्घ अभ्यास पुरा झाला. ए१सी खाली ठेवला की डोळे, मूत्रपिंडं आणि नसा वाचतात, हे त्याने सिद्ध केलं. त्यानंतर हा आकडा जगभर प्रमाण झाला. २०१० साली अमेरिकन डायबिटीस असोसिएशनने आणि २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने मधुमेहाचं निदानही त्यावरून करायला मान्यता दिली. रेघ ठरली ६.५ टक्के.

एसएस रुग्णाची तांबडी पेशी मात्र १२० दिवस जगत नाही. ती अनेकदा १० ते २० दिवसांतच फुटते. साखर साचायला वेळच मिळत नाही, म्हणून रक्तात साखर कितीही असली तरी आकडा खोटा कमी येतो. त्यातून असा रुग्ण रक्त चढवून घेतो. पिशवीतून येतात परक्या माणसाच्या पेशी, आणि त्यांच्यावर साचलेली असते त्या परक्याची साखर. मग अहवालातली तीन महिन्यांची सरासरी नेमकी कोणाची मानायची?

प्रयोगशाळेच्या यंत्राचाही इथे हात आहे. एका प्रकारचं यंत्र हिमोग्लोबिनचे घटक विद्युत्भारानुसार वेगळे करून आलेख काढतं. एसएस रुग्णाच्या रक्तात नेहमीचं ‘ए’ हिमोग्लोबिन नसतंच, त्यामुळे त्या आलेखात ए१सीची जागा रिकामी असते आणि ‘एस’च्या जागी भलामोठा सुळका उभा राहतो. आलेख बघणारा तंत्रज्ञ जागा असेल तर तो लगेच थांबतो. दुसऱ्या प्रकारचं यंत्र प्रतिपिंड वापरतं. ते हिमोग्लोबिनच्या साखळीच्या टोकाशी चिकटलेली साखर ओळखतं. सिकलसेलचा दोष त्या साखळीत सहाव्या जागी आहे आणि आजकालची बहुतेक प्रतिपिंडं त्याच्या अलीकडचाच भाग बघतात. त्यामुळे हे यंत्र बिनबोभाट आकडा काढून देतं. कागदावर ५.२ छापलेलं येतं, शेजारी ‘नॉर्मल’ असंही असतं आणि शंका यायला जागाच उरत नाही. मला विचाराल तर या दोहोंत आलेख रिकामा दाखवणारं यंत्र अधिक प्रामाणिक.

वाहकांनी मात्र घाबरून जायचं कारण नाही. एएस पॅटर्नमध्ये पेशी जवळपास पूर्ण आयुष्य जगते आणि योग्य पद्धत वापरली तर ए१सी बऱ्यापैकी विश्वासार्ह असतो. २०१७ साली अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांवर प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, साखर तितकीच असताना वाहकांचा ए१सी सुमारे ०.३ ने कमी आढळला. उपचार चालू असलेल्यांना हा फरक फारसा भोवत नाही. पण ६.३ असा अहवाल घेऊन ‘अजून मधुमेह नाही’ म्हणत घरी गेलेल्या वाहकाने एकदा उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साखर तपासून घ्यावी, एवढं मात्र त्यावरून म्हणता येतं.

साखर चिकटते ती फक्त हिमोग्लोबिनला नाही, हे कळायला फार काळ लागला नाही. रक्तातल्या पेशी बाजूला काढल्या की उरणाऱ्या पिवळसर सीरममध्येही प्रथिनं असतात. त्यांतलं सर्वांत मुबलक ते अल्ब्युमिन. त्यालाही साखर तशीच चिकटते. अल्ब्युमिन निम्मं बदलायला सुमारे तीन आठवडे लागतात, म्हणून ते गेल्या दोन-तीन आठवड्यांची हकीकत सांगतं. आणि तांबडी पेशी विळ्यासारखी असो, लवकर फुटणारी असो की परक्याची असो, अल्ब्युमिनला त्याचं सोयरसुतक नाही. प्रश्न होता तो हे साखर लागलेलं प्रथिन स्वस्तात आणि झटपट मोजायचं कसं हा.

उत्तर आलं न्यूझीलंडमधून. ऑकलंडचे रॉजर जॉन्सन, पॅट्रिशिया मेटकाफ आणि जॉन बेकर यांनी १९८३ साली ‘फ्रुक्टोसामीन’ नावाची तपासणी प्रसिद्ध केली. तिची युक्ती साधी आणि देखणी आहे. नायट्रोब्लू टेट्राझोलियम नावाचं एक फिकट पिवळं रसायन असतं. सीरम अल्कधर्मी द्रावणात ३७ अंशांवर ठेवून त्यात हे रसायन मिसळलं की साखर लागलेलं प्रथिन त्याचं रूपांतर गडद जांभळ्या फॉर्मझानमध्ये करतं. जितकं जांभळं, तितकी चिकटलेली साखर. पण सीरममध्ये क जीवनसत्त्वासारखे इतरही पदार्थ असतात आणि तेही हाच रंग आणतात. जॉन्सन मंडळींनी त्यावर वेळेचा तोडगा काढला. हे घुसखोर घाई करतात आणि पहिल्या दहा मिनिटांत आपलं काम उरकून मोकळे होतात. म्हणून पहिली दहा मिनिटं मोजायचंच नाही. दहाव्या ते पंधराव्या मिनिटात रंग किती गडद झाला तेवढंच धरायचं. महागडी उपकरणं नकोत, वेगळे स्तंभ नकोत, साध्या जैवरसायन यंत्रावर रांगेने शेकडो नमुने घालावेत. हातात वेळ मोजायची शिस्त आणि रंग वाचायचं यंत्र असलं की झालं.

ऐंशीच्या दशकात तिचं जोरात स्वागत झालं आणि मग तितकीच जोरात टीकाही. युरिक ॲसिड आणि रक्तातली चरबी आकडा बिघडवतात, असे आक्षेप आले. त्यावर दुरुस्त आवृत्ती निघाली. तिच्यात युरिक ॲसिड नष्ट करणारं विकर आणि चरबीचा गढूळपणा घालवणारं द्रव्य घातलं गेलं, आणि मापाचं प्रमाणही बदललं. पहिल्या आवृत्तीत निरोगी माणसाचा आकडा दोनच्या आसपास यायचा. नव्या मापात, मायक्रोमोल प्रति लिटरमध्ये, निरोगी पट्टा साधारण २०५ ते २८५ असा झाला. जुने आकडे पाठ झालेल्या डॉक्टरांचा गोंधळ उडाला असणार, यात नवल नाही.

पण फ्रुक्टोसामीन मागे पडली त्याचं खरं कारण रसायनशास्त्रात नाही. डीसीसीटीने दहा वर्षं रुग्णांच्या मागे लागून जी पुंजी जमवली ती ए१सीची होती. ‘इतका आकडा असेल तर डोळा जाण्याचा धोका इतका’ असा हिशेब ए१सीच्या नावावर जमा झाला होता. फ्रुक्टोसामीनकडे तसा पुरावा नव्हता. तो यायला २०१४ उजाडलं. त्या वर्षी जॉन्स हॉपकिन्सच्या एलिझाबेथ सेल्विन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एका मोठ्या लोकसमूहाच्या पाठपुराव्यातून दाखवलं की फ्रुक्टोसामीन आणि ग्लायकेटेड अल्ब्युमिन यांचाही डोळ्यांच्या आणि मूत्रपिंडाच्या गुंतागुंतींशी ए१सीसारखाच संबंध आहे. तोवर ए१सीची सवय डॉक्टरांच्या हाडीमांशी खिळली होती. निदानासाठी फ्रुक्टोसामीनची सर्वमान्य रेघ आजही नाही. तिचा उपयोग आहे तो उपचार चाललेत की नाही हे बघायला.

आता हे प्रत्यक्षात कसं उतरतं ते एका उदाहरणाने बघू. बाई काल्पनिक आहे, पण तिच्या अहवालातले आकडे एकमेकांशी कसे बोलतात ते खरं आहे. फुलसावंगीची, ४७ वर्षांची, एसएस पॅटर्नची. भारतातल्या सिकलसेलच्या प्रकारात गर्भावस्थेतलं ‘एफ’ हिमोग्लोबिन बरंच टिकून राहतं आणि आजार अनेकांत थोडा सौम्य असतो. म्हणून असे रुग्ण प्रौढ वयापर्यंत पोचतात आणि मग त्यांना मधुमेहही गाठू शकतो. बाईचं हिमोग्लोबिन ८.२, डोळे जरा पिवळसर, हायड्रॉक्सियुरियाची गोळी चालू. तीन महिन्यांची शुगर आली ५.२. सगळं आलबेल, असं सांगून तिला परत पाठवायला हा एकच कागद पुरे.

त्याच कागदाची उलटतपासणी करायला महागडं काही लागत नाही. २००८ साली ए१सीवरून सरासरी साखर काढायचं सूत्र ठरलं. आकड्याला २८.७ ने गुणायचं आणि त्यातून ४६.७ वजा करायचे. ५.२ चे येतात सुमारे १०३. म्हणजे ए१सीच्या म्हणण्याप्रमाणे या बाईची रात्रंदिवसाची सरासरी १०३ आहे. पण प्रयोगशाळेतली उपाशीपोटीची साखर आहे १५८ आणि जेवणानंतर दोन तासांची २४६. दिवसातला जो सर्वांत खालचा असायला हवा तो आकडाच सरासरीच्या दीडपट! एवढी तफावत दिसली की साखरेच्या आकड्यांवर संशय घेण्याआधी ए१सीला बाजूला ठेवावं. अशा रुग्णांच्या बाबतीत निदानासाठी रक्तातली प्रत्यक्ष साखरच धरायची, हे मार्गदर्शक तत्त्वांतही स्पष्ट लिहिलेलं आहे.

फ्रुक्टोसामीन केलं तर समजा ४०५ आलं. त्याचं ए१सीच्या भाषेत भाषांतर करायचंही एक सूत्र आहे. ०.०१७ ने गुणा आणि १.६१ मिळवा. उत्तर येतं ८.५, म्हणजे सरासरी साखर १९७ च्या आसपास. उपाशीपोटीच्या १५८ आणि जेवणानंतरच्या २४६ शी हा आकडा व्यवस्थित जुळतो. औषध वाढवल्यावर तीन महिने वाट बघायचीही गरज नाही. तीन-चार आठवड्यांनी पुन्हा तपासलं आणि ३३५ आलं, तर ते ए१सीच्या सुमारे ७.३ ला पडतं. साखर खाली येते आहे, हे महिन्याभरात कळलं. हे सूत्र अंदाजाचं आहे, ८.५ आणि ८.३ यांत त्याच्या भरवशावर भांडण करू नये. दिशा मात्र ते खरी दाखवतं.

फ्रुक्टोसामीनलाही अटी आहेत, आणि त्या नेमक्या आपल्या भागात आड येणाऱ्या. ती प्रथिनांवर उभी आहे, म्हणून प्रथिनं कमी पडली की तीही खोटी कमी येते. उपासमार, लघवीतून प्रथिनं जाणारा मूत्रपिंडाचा आजार, यकृताचा आजार या सगळ्यांत अल्ब्युमिन उतरतं. सिकलसेल मूत्रपिंडालाही धक्का देतो, हे इथे विसरून चालत नाही. म्हणून फ्रुक्टोसामीनबरोबर अल्ब्युमिन मागायचंच. वरच्या उदाहरणात ते ३.८ होतं असं धरलं, तर आकडा मानायला हरकत नाही. ते ३ च्या खाली असेल तर फ्रुक्टोसामीनवरही विसंबू नये. काविळीचं बिलिरुबिन फार वाढलं तरी रंगाच्या मोजणीत ढवळाढवळ होते, आणि एसएस रुग्णांमध्ये बिलिरुबिन वाढलेलंच असतं. सुई टोचताना किंवा वाटेत नमुन्यातल्या पेशी फुटून सीरम लालसर झालं, तर तो नमुना टाकून पुन्हा घ्यावा.

वाटेचा मुद्दा गावासाठी लहान नाही. रक्तातली साखर मोजायची असेल तर नळीत फ्लोराइड हवं, कारण नळीतल्या पेशी तासातासाने साखर खात राहतात. साध्या नळीत भरलेलं रक्त उन्हात तालुक्याला पोचेपर्यंत साखर कमी दाखवतं. फ्रुक्टोसामीनला ही अडचण नाही. पेशींपासून वेगळं केलेलं सीरम प्रवास सोसतं, आणि रुग्णाला उपाशी राहूनही यावं लागत नाही.

घरच्या घरी बोट टोचून ग्लुकोमीटरवर तपासायचं म्हटलं तर रक्त पातळ असणं आड येतं. तांबड्या पेशी कमी असल्या की पट्टीवरच्या थेंबात साखर असलेला द्रवभाग जास्त असतो आणि बहुतेक मीटर आकडा खोटा वाढवून दाखवतात. प्रत्येक मीटरच्या माहितीपत्रकात रक्त किती दाट असायला हवं याची मर्यादा छापलेली असते. तिच्याबाहेरचा रुग्ण असेल तर एकदा मीटरचा आणि प्रयोगशाळेचा आकडा एकाच वेळी घेऊन ताडून बघावा. दंडावर चिकटवायचे सेन्सर आता शहरांत दिसतात. पण त्यांतल्या काहींना हायड्रॉक्सियुरिया फसवतं आणि साखर आहे त्यापेक्षा जास्त दिसते. हे औषध सिकलसेलच्या रुग्णांना सर्रास दिलं जातं. त्या खोट्या आकड्यावर इन्सुलिन वाढवलं तर साखर एकदम खाली जाऊन जिवावर बेतू शकतं.

जपान्यांनी या वाटेने आणखी पुढे पावलं टाकली. प्रथिनांपैकी फक्त अल्ब्युमिनवर किती टक्के साखर लागली हे विकराच्या साह्याने मोजणारी ग्लायकेटेड अल्ब्युमिनची तपासणी तिकडे रुळली. टक्केवारीत मोजल्यामुळे अल्ब्युमिन थोडं खालीवर झालं तरी ती फ्रुक्टोसामीनइतकी डळमळत नाही. १,५-अँहायड्रोग्लुसिटॉल नावाची आणखी एक तपासणी आहे. साखर १८० च्या वर जाऊन लघवीत उतरू लागली की रक्तातला हा पदार्थ घटतो, म्हणून जेवणानंतरच्या उड्या तिच्यात दिसतात. पण ती मूत्रपिंडावर अवलंबून आहे, आणि सिकलसेलमध्ये त्याच मूत्रपिंडावर शंका असते. आपल्या उदाहरणातल्या बाईला तिचा फारसा उपयोग नाही.

रक्तक्षय हा आणखी एक फसवणारा, आणि तो सिकलसेलपेक्षाही जास्त घरांत आहे. लोहाच्या कमतरतेने होणाऱ्या रक्तक्षयात ए१सी उलट खोटा वाढू शकतो. अशा रुग्णाने लोहाच्या गोळ्या सुरू केल्या की ताज्या, कोऱ्या पेशी रक्तात उतरतात आणि ए१सी भराभर खाली येतो. साखर तिथल्या तिथेच असते. डॉक्टर मधुमेहाच्या औषधाला शाबासकी देतात, आणि ती खरी मिळायला हवी असते लोहाच्या गोळीला. हिमोग्लोबिन नऊच्या खाली असलेल्या रुग्णाचा ए१सी बघताना ही शंका मनात असायला हवी.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेला सुरुवात झाली. २०४७ पर्यंत हा आजार आटोक्यात आणायचं तिचं उद्दिष्ट आहे, आणि सात कोटी लोकांची तपासणी ठरली आहे ती ० ते ४० वयोगटातली. लग्न आणि मूल होण्याआधी वाहक कळावेत, हा त्यामागचा रास्त हेतू. पण मधुमेह बहुधा गाठतो तो चाळिशीनंतर. पन्नाशीतल्या ज्या माणसाचा पॅटर्न कधी कोणी बघितलाच नाही, तो या मोहिमेच्याही बाहेर राहतो आणि ए१सीचा अहवाल घेऊन निर्धास्त बसतो.

म्हणून विदर्भातल्या वाचकांना एवढंच सांगणं. घरात कोणाचा एएस किंवा एसएस पॅटर्न निघाला असेल आणि त्याच घरात मधुमेही असेल, तर त्या मधुमेह्याचीही सिकलसेलची तपासणी करून घ्या आणि ते कार्ड साखरेच्या फाइलला जोडून डॉक्टरांपुढे ठेवा. नुकतंच रक्त चढवलं असेल किंवा लोहाच्या गोळ्या सुरू असतील, तर तेही न विचारता सांगा. तीन महिन्यांच्या शुगरचा आकडा रोजच्या साखरेशी जुळत नसेल, तर फ्रुक्टोसामीन आणि अल्ब्युमिन एकाच नमुन्यातून करून मागा. आणि अहवाल आला की त्यावर तपासणीची पद्धत कोणती लिहिली आहे, तेही वाचा.